न वाचलेलं ते आपलं

सोमवारी सकाळी वहिनींनी कुलूप काढले, शटर दोन्ही हातांनी वर ढकलले, आणि ते नेहमीसारखे अर्ध्यावर अडले तेव्हा खालची पट्टी पायाने दाबून पुन्हा ढकलले. आत दोन दिवसांचा वास कोंडला होता. स्पिरिटचा, तारा जोडायच्या डाखाचा, आणि कानाचा साचा घेण्यासाठी वापरतात त्या गुलाबी लगद्याचा. त्यांनी पंखा लावला, पिशवी खुंटीला अडकवली आणि ओलावा काढून घेणाऱ्या डब्याचे झाकण उघडले. शनिवारी दुरुस्त झालेली मशिने त्यात ठेवलेली होती. एकेक मशीन काढून त्यात नवा सेल घालायचा, त्याला ऐकण्याची नळी जोडायची, ती स्वतःच्या कानात अडकवायची आणि मशिनाशी बोलायचे: आ, ई, ऊ, श, स. ‘स’ नीट आला की मशीन बरे झाले. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला या वेळी दुकानात पाहिले तर एक प्रौढ बाई मुठीत काहीतरी धरून त्याला बाराखडी शिकवते आहे असे वाटले असते.

दुकान कानाच्या मशिनांचे होते. विक्री, दुरुस्ती, साचे. मालकीण वहिनींची नणंद. वयाने लहान, पण गल्लीपासून इस्पितळापर्यंत सगळे तिला ताई म्हणत, म्हणून वहिनीही ताईच म्हणत आणि दुकानात शिरल्यावर तिला अहोजाहो करत. दुरुस्तीच्या टेबलावर एक कारागीर होता. त्याचे आडनाव पगाराच्या दिवशीच आठवावे लागे. एरवी तो चिमटे. हाताइतकाच तोंडानेही चिमटे काढतो म्हणून.

चिमटे आले, डबा ठेवला, भिंग डोळ्यापुढे ओढले आणि म्हणाले, “मग? आजपासून राज्य तुमचं.”

“राज्य कसलं. पेटी तेवढी माझी.”

पेटी म्हणजे दुकानाचा मेल. पत्ता एकच होता. तो काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर, आतल्या तपासणीच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर आणि ताईंच्या फोनवर उघडे. एरवी पेटी ताईच बघत. कित्येक वर्षांत त्यांनी रजा घेतली नव्हती. आता मुलीला बाळ झाले होते, मुलगी दूर होती, आणि शनिवारी दुपारी त्या दोन आठवड्यांसाठी निघून गेल्या होत्या. जाताना कीबोर्डखाली सूचनांची दोन पाने ठेवून गेल्या. वहिनींनी ती शनिवारीच घरी नेऊन दोनदा वाचली होती. आता पुन्हा समोर उभी करून ठेवली.

‘वहिनी,’ असे ते सुरू होत होते. ‘पेटी उघडीच असते, बंद करू नका. आपल्याकडे न वाचलेलं ते आपलं काम आणि वाचलेलं ते संपलेलं. जो मेल ठळक दिसतो त्याचं अजून काही झालेलं नाही. एखादा उघडलात आणि लगेच काही करता येत नसेल, तर त्याला पुन्हा न वाचलेला करून ठेवा, म्हणजे तो ठळक होईल आणि नजरेतून सुटणार नाही. हे एक पाळलंत तर बाकीचं आपोआप होतं. मीही इतकी वर्षं एवढंच करते आहे.

‘आपल्या गिऱ्हाइकांना फोन करून “मेल मिळाला का” विचारता येत नाही, हे कायम लक्षात ठेवा. त्यांच्यासाठी पेटी म्हणजेच आपलं दार. म्हणून पोच त्याच दिवशी जायला हवी, उत्तर भले उद्या जाऊ दे. “लवकरच” हा शब्द लिहू नका, वार लिहा. कचऱ्याची पेटी रोज उलटून बघा; इस्पितळाचे श्रवणतपासणीचे फोटो हटकून तिथे जाऊन पडतात. नळी कडक झाली, सेल टिकत नाही, साचा सैल झाला, यांची उत्तरं “तयार उत्तरं” मध्ये आहेत, पण वाचल्याशिवाय चिकटवू नका. मागे एका आजोबांना मी सेलचं उत्तर साच्यासाठी पाठवलं होतं, ते अजून टोमणा मारतात.

‘उसनी द्यायची दोन मशिनं कपाटात आहेत. ज्याचा एकच कान चालतो किंवा ज्याचं काम अडतं त्याला आधी. त्याच कंपनीचं मशीन असेल तर गिऱ्हाइकाची जुनी बसवणूक, म्हणजे त्याच्या कानाला जुळवलेले आवाजाचे आकडे, कॉम्प्युटरवरून चिमटे भरून देतात, मी लागत नाही. उत्तराखाली दुकानाचं नाव घाला, स्वतःचं नको. उत्तर दुकान देतं, माणूस नाही. “रजेवर आहे” असं आपोआप जाणारं उत्तर मी मुद्दाम लावत नाहीये. दाराला पाटी लागली की लोक मागे फिरतात. मी तिकडून पेटी उघडणार नाही. सगळं तुमच्यावर.’

शेवटचे वाक्य वहिनींना विशेष आवडले होते. ते त्यांनी घरी नवऱ्याला वाचूनही दाखवले होते. ताईंचा हा थोरला भाऊ बस डेपोत नोंदी ठेवण्याचे काम करी आणि बहिणीविषयी चांगले-वाईट काहीच न बोलण्याची त्याला दीर्घ सवय होती. तो म्हणाला, चांगलं आहे की.

त्या सकाळी पेटीत ठळक ओळी ओंजळभर होत्या. वहिनींनी त्या वरून खाली घेतल्या. पुरवठादाराने कळवले होते की आवाजाचे भाग पुढच्या आठवड्यात येतील. एका बाईच्या मशिनातून शिट्टी येत होती. त्यांना साचा घेऊन बुधवारी बोलावले. कचऱ्याच्या पेटीतून इस्पितळाचा एक फोटो खरोखरच निघाला आणि वहिनींना उगाच जिंकल्यासारखे वाटले. दुपारपर्यंत एकही ओळ ठळक उरली नाही. दिवसभरात आणखी काही आले, तेही निस्तरले. संध्याकाळी साडेसहाला चिमट्यांनी दिवा विझवला, वहिनींनी एकदा पेटीकडे पाहिले. सगळ्या ओळी सारख्या फिक्या, शांत. त्यांनी समाधानाने शटर ओढले.

सात वाजता त्या बंद शटरपुढे एक मुलगी येऊन उभी राहिली होती, हे त्यांना गुरुवारी कळले.

मुलगी म्हणजे तिशीची. एका मोठ्या सार्वजनिक ग्रंथालयात तात्पुरत्या नोकरीवर होती. दुकानात तिला पुस्तकवाली म्हणत, आणि ते तिलाही माहीत होते. डावा कान जन्मापासून बंद. उजव्या कानाचे मशीन मागच्या आठवड्यात बिघडून इथे दुरुस्तीला आले होते आणि चिमट्यांच्या टेबलावर भागाची वाट पाहत पडले होते. देऊन जाताना ती म्हणाली होती की घाई नाही, मुलाखत पुढच्या महिन्यात आहे. कायमच्या जागेसाठीची मुलाखत. पाच वर्षे ती या एका जागेची वाट पाहत होती.

गुरुवारी ती आली तेव्हा काउंटरवर वहिनीच होत्या. तिने त्यांच्या ओठांकडे पाहिले नाही. काउंटरवर लिहून बोलण्यासाठी पांढरी पाटी असे. तीही ओढून घेतली नाही. आपल्या सपाट, जरा मोठ्या आवाजात तिने विचारले, “माझा मेल मिळाला होता का?”

वहिनींनी पाटीवर लिहिले, कधीचा?

“रविवारचा.”

वहिनींनी पेटीत तिचे नाव शोधले. मेल होता. रविवारी संध्याकाळचा, दोन जाहिरातींच्या मध्ये, फिका. वाचलेला.

तिने लिहिले होते की मुलाखत अचानक मंगळवारी सकाळी ठेवली आहे. उसने मशीन मिळू शकेल का. सोमवारी कामावरून सुटून पोचायला मला सात वाजतील. तुम्ही अर्धा तास थांबू शकलात तर उपकार होतील. कळवावे.

ती सोमवारी दिवसभर उत्तराची वाट पाहत होती. पुन्हा लिहिले नाही. दुसऱ्यांदा विचारले की माणसे चिडतात, हे ती लहानपणापासून शिकली होती. ‘काय म्हणालात’ हे तिच्या आयुष्यात इतक्यांदा म्हणून झाले होते की लेखी तरी ते म्हणायला नको असे तिला वाटे. उत्तर नाही म्हणजे नकारही नाही, असे मनाशी म्हणत ती दोन बस बदलून आली. शटर बंद होते. मंगळवारी ती मशिनाशिवाय पाच माणसांपुढे बसली. ओठ वाचता येतात तिला, समोरचा सावकाश बोलला तर. अध्यक्षांना भरघोस मिशा होत्या आणि ते कागदात पाहून प्रश्न विचारत होते. तिने दोनदा पुन्हा विचारण्याची विनंती केली. तिसऱ्यांदा एका बाईंनी अतिशय प्रेमाने कागदावर लिहून दिले की ग्रंथालयात लोकांशी बोलावे लागते, तेव्हा आपण विचार करावा.

हे सगळे तिने उभ्यानेच सांगितले, मध्ये न थांबता. मग म्हणाली, “मशीन असतं तर मला येत होतं सगळं.”

वहिनींनी पाटीवर लिहिले: चूक आमची आहे. ते लिहून झाल्यावर त्यांनी तेच वाक्य पुसून पुन्हा स्वच्छ अक्षरात लिहिले. चिमटे आपल्या जागेवरून उठले होते. त्यांनी कपाटातून उसने मशीन काढले, तिची जुनी बसवणूक भरली, सेल घातला, ‘स’ ऐकून पाहिला आणि मशीन तिच्या तळहातावर ठेवले. कामाला दहा मिनिटेही लागली नाहीत. तिने ते कानाला लावले आणि पंख्याच्या आवाजाने दचकून वर पाहिले.

जाताना तिने एक मागणी केली. निवड समितीच्या कार्यालयातल्या एका भल्या माणसाने तिला सांगितले होते की यादी सोमवारी लागेल. तिने वेळेवर मशीन मागितले होते आणि दुकानाच्या चुकीने ते मिळाले नाही, असे दुकानाने शनिवारपर्यंत लेखी दिले तर तिला पुन्हा बोलावता येईल. नियमात तशी सोय आहे. “तेवढं द्याल?”

“देऊ,” वहिनी म्हणाल्या. या वेळी तिला ते ऐकू आले.

ती गेल्यावर चिमट्यांनी कपाटाचे दार लावले. मग त्यांनी विचारले, “तुमच्याकडून उघडला गेला का चुकून?”

वहिनींनी खरोखर आठवून पाहिले. रविवारी त्या घरी होत्या. त्यांच्या फोनवर पेटी नव्हती. ताईंनी ती कधी घालू दिली नव्हती. चिमट्यांना पासवर्ड माहीत नव्हता. दुकानाला कुलूप होते. रविवारी पेटी उघडू शकणारा हात जगात एकच होता. उत्तर इतके सोपे होते की त्यांनी ते एकदा बाजूला ठेवून स्वतःचीच चूक पुन्हा शोधून पाहिली. ती सापडली असती तर त्यांना निदान कोणावर रागवायचे हे कळले असते.

दुपारी त्यांनी ताईंना फोन केला. मागे बाळ रडत होते. ताई लगेच म्हणाल्या, हो, पाहिला होता की. रविवारी बाळाला घेऊन बसल्या होत्या, हातात फोन होता, सवयीने बोट गेले. उत्तर लिहिणारच होत्या, तेवढ्यात बाळ ओकले. मग राहून गेले. आणि वहिनी आहेतच म्हणून मनातूनही गेले.

“मला तो वाचलेला दिसत होता,” वहिनी म्हणाल्या.

पलीकडे ताईंनी बाळाला कोणाकडे तरी दिले. मग ताई म्हणाल्या की आता तुम्ही काही करू नका, मी बघते. बाळाला बरे वाटले की उद्याच निघते, तसेही इथे माझे मन लागत नाही.

ताईंनी खरेच लगेच बघितले. वहिनी संध्याकाळी पेटी पाहत होत्या तेव्हा पाठवलेल्या मेलांत सगळ्यांत वर एक नवी ओळ आली होती. ताईंनी फोनवरून लिहिलेली. तिच्यात पुस्तकवालीची मनापासून क्षमा मागितली होती. मालकीण रजेवर असताना पेटी सांभाळणाऱ्या आमच्या सहकारी बाई नवीन आहेत, त्यांच्या नजरेतून आपला मेल सुटला, त्यांना समज दिली आहे, असे खाली होते. दुरुस्तीचे काही घेणार नाही असेही होते. आणि त्याची एक प्रत कर्णबधिरांच्या संस्थेच्या चिटणीसांना होती, कारण पुस्तकवाली संस्थेची सभासद होती आणि दुकानाची निम्मी गिऱ्हाइके त्या संस्थेकडून येत.

वहिनी त्या दुकानात सहा वर्षे काम करत होत्या.

चिटणीसांचे उत्तर रात्रीत आले होते. शुक्रवारी सकाळी ते ठळक दिसत होते. त्यांनी ताईंच्या प्रामाणिकपणाचे कौतुक केले होते आणि सुचवले होते की यापुढे अशा जबाबदारीच्या कामावर नवख्या व्यक्तीला बसवू नये. वहिनींनी ते वाचले. काय करावे हे न कळून त्यांनी त्याला पुन्हा न वाचलेले करून ठेवले. मग त्यांना वाटले, यात आपले काम काय आहे? त्यांनी ते परत वाचलेले केले.

घरी नवऱ्याला सांगितले तेव्हा त्याने भाजी चिरता चिरता सगळे ऐकून घेतले. तो म्हणाला की ताई वाईट नाही, तिचा जीव दुकानात आहे. आपलीच आहे, सोडून दे. वहिनी म्हणाल्या, “परक्या बाईवर तिनं हे ढकललं असतं का?” त्याने सुरी थांबवली, विचार केला, आणि म्हणाला, “नसतं. परकी भांडली असती.”

ताई शनिवारी सकाळी दुकानात आल्या. प्रवासाने चेहरा उतरला होता, तरी त्यांनी आल्या आल्या बाळाचे फोटो दाखवले आणि चिमट्यांना खाऊचा डबा दिला. मग वहिनींना आतल्या तपासणीच्या खोलीत बोलावले आणि दार लावले. त्या खोलीच्या भिंती आवाज पिणाऱ्या जाड पांढऱ्या फळ्यांनी मढवलेल्या होत्या. आत बोललेला शब्द बाहेर जात नसे आणि आतही त्याचा पडसाद उठत नसे. माणूस बोलायचा आणि शब्द ओठांपाशीच विरून जायचा.

ताईंनी काही लपवले नाही. चूक माझी, पूर्ण माझी, असे त्या आपण होऊन म्हणाल्या. गुरुवारपासून मला झोप नाही, असेही म्हणाल्या, आणि ते खोटे नव्हते. डोळ्यांखाली दिसत होते. पण वहिनी, तुम्ही दुकान म्हणून विचार करा. मालकिणीने मेल वाचला आणि विसरली, असे संस्थेला कळले तर उद्या त्यांची सगळी माणसे चौकातल्या नव्या दुकानात जातील. कामावरच्या माणसाची चूक लोक चार दिवसांत विसरतात. मालकाची विसरत नाहीत.

“आणि मी?” वहिनींनी विचारले. “मी विसरेन?”

“तुम्ही घरच्या आहात,” ताई म्हणाल्या.

हे त्या इतक्या विश्वासाने म्हणाल्या की त्यांच्या दृष्टीने तो गौरवच होता, हे वहिनींना दिसले. आपल्या माणसावर जास्तीचे ओझे टाकता येते; त्यासाठीच तर माणसे आपली असतात. वहिनींना सहा वर्षांतले बरेच काही एकदम आठवले. सुट्टीच्या दिवशी दिलेले साचे, परक्या माणसाला दिली नसती अशी अवेळची कामे, आणि प्रत्येक वेळी शेवटी येणारे हेच वाक्य. तेव्हा ते ऐकून बरे वाटले होते.

त्यांनी स्वतःचा विषय सोडला आणि पुस्तकवालीच्या पत्राचा काढला. शुक्रवारी तिचा मेल आला होता: पत्राचे काय झाले, आज मिळाले तर बरे. तो मेल ताईंनी फोनवरून वाचून पुन्हा न वाचलेला करून ठेवला होता, आणि वहिनींना निरोप दिला होता की त्याला हात लावू नका, तो माझा आहे. तेव्हापासून तो पेटीत सगळ्यांत ठळक होता.

ताई म्हणाल्या, पत्र देऊ की. मसुदा केला आहे. त्यांनी तो दाखवला. त्यात लिहिले होते की काही तांत्रिक अडचणीमुळे सदर उमेदवाराचे यंत्र मुलाखतीच्या दिवशी उपलब्ध होऊ शकले नाही.

“यात तिनं रविवारीच मागितलं होतं, हे नाही,” वहिनी म्हणाल्या. “आपण उत्तर दिलं नाही, हेही नाही. मशीन कपाटात होतं, हे नाही. हे वाचून समिती म्हणेल, मशीन बिघडलं होतं तर हिनं आधी का नाही सांगितलं.”

“निवड समिती म्हणजे सरकारी माणसं आहेत, वहिनी. तिथे गेलेला कागद फाइलला लागतो. आपलं दुकान सरकारच्या मान्यतेच्या यादीत आहे. कारण, वेळ, कोणी काय केलं, हे असलं लेखी द्यायचं नसतं.”

“मग माझंच नाव घाला. तसंही संस्थेला तेच सांगितलंय ना? मी विसरले म्हणून लिहा. पण लिहा.”

ताईंनी मान हलवली. कोणाचेही नाव घातले तरी चूक दुकानाचीच ठरते. क्षमा मागणे वेगळे आणि फाइलला लावणे वेगळे. त्या हळू आवाजात म्हणाल्या, “ती हुशार मुलगी आहे. तिला दुसरी संधी मिळेल.” मग घड्याळ पाहिले. एक आजी तपासणीसाठी यायच्या होत्या. “मी हेच थोडं नीट करून पाठवते दुपारी. तुम्ही काळजी करू नका.”

वहिनींना त्या क्षणी कळले की ताई दुपारी पाठवणार नाहीत. खोटे बोलत होत्या असे नाही. दुपारी कोणीतरी येईल, आजींची मुलगी पुष्कळ प्रश्न विचारेल, पुरवठादाराचा फोन येईल, आणि तो मेल ठळकचा ठळक राहील. सोमवारी यादी लागल्यावर त्याला उत्तर द्यायचे कारण उरणार नाही, आणि मग तो कोणीतरी नुसता उघडेल.

आजी आल्या, मुलीचा हात धरून. ताईंनी त्यांना आत नेले, कानांवर मोठे हेडफोन चढवले, हातात बटण दिले आणि दार लावून घेतले. दारावरचा लाल दिवा लागला. तो लागला असताना कोणी बोलवायचे नाही, असा नियम होता.

वहिनी काउंटरवर येऊन बसल्या. चिमट्यांनी भिंगातून डोळा काढला, त्यांच्याकडे पाहिले आणि विचारले, “चहा सांगू?”

“नको. मला थोडं लिहायचंय.”

चिमट्यांनी काय ते ओळखले असावे. ते म्हणाले, “पोरीच्या मशिनाचा भाग पुढच्या आठवड्यात येतोय. तेही टाका हवं तर. कारागिराकडून म्हणून.” आणि पुन्हा वाकले.

वहिनींनी पुस्तकवालीचा शुक्रवारचा मेल उघडला. तिने निवड समितीच्या कार्यालयाचा पत्ता खाली दिलेला होता. त्यांनी नवा मेल सुरू केला. त्यांना पत्रे लिहायची सवय नव्हती, पण गेल्या आठवड्याभरात दुकानाच्या वतीने लिहून हात थोडा बसला होता. त्यांनी लिहिले की सदर उमेदवाराने रविवारी संध्याकाळी, म्हणजे मुलाखतीच्या दोन दिवस आधी, आमच्याकडे उसने श्रवणयंत्र मागितले होते. ते आमच्याकडे तयार होते. तो मेल मालकीणबाईंनी त्याच संध्याकाळी फोनवर वाचला. उत्तर द्यायचे राहून गेले. वाचलेला दिसल्यामुळे दुकानात असलेल्या मला त्याचे काम उरले आहे हे कळले नाही. सोमवारी संध्याकाळी उमेदवार स्वतः येऊन गेली, तेव्हा आम्ही दुकान बंद केले होते. यात तिची काहीही चूक नाही. यंत्र असते तर तिला ऐकू आले असते. त्या यंत्रातून आज तिला ऐकू येते, हे समिती बोलावून पाहू शकते.

‘राहून गेले’ येथे त्या थांबल्या. ‘निष्काळजीपणा’ असा शब्द मनात आला होता. त्यांनी बाळाचा फोटो आठवला, ताईंच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे आठवली. शब्द बदलला नाही. झाले होते ते राहूनच गेले होते. त्यानंतरचे जे राहून गेलेले नव्हते ते या पत्रात लिहायचे नव्हते.

नवऱ्याची आठवण झाली. आज संध्याकाळी तो काही बोलणार नाही आणि उद्या बहिणीचा फोन आल्यावरही काही बोलणार नाही. मुलाच्या कॉलेजचे वर्ष चालू होते. या वयात कानाच्या मशिनाला ‘स’ शिकवणाऱ्या बाईला दुसरीकडे कोण ठेवून घेईल, हा हिशेब त्यांनी शुक्रवारीच करून पाहिला होता आणि त्याचे उत्तर त्यांना आवडले नव्हते. तो पुन्हा केला नाही.

रविवारचा मूळ मेल त्यांनी जोडला, तारखेसकट. कार्यालयाचा पत्ता एकेक अक्षर ताडून पाहिला. प्रत पुस्तकवालीला लावली. संस्थेच्या चिटणीसांचा पत्ता घालू की नको, याचा विचार केला, घातला नाही. हे पत्र स्वतःसाठी नव्हते.

आतून ताईंचा आवाज येत नव्हता. लाल दिवा चालू होता. मेल गेला. पाठवलेल्यांच्या यादीत तो सगळ्यांत वर आला. आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर आणि ताईंच्या फोनवरही या क्षणी तो तसाच वर आला असणार. तो तिथून काढून टाकता येतो, हे त्यांना माहीत होते. त्यांनी तो राहू दिला.

नंतर त्या पेटीत परत आल्या. एका गृहस्थांची नळी कडक झाली होती आणि त्यांना कोणत्या दिवशी येऊ असे विचारायचे होते. वहिनींनी तयार उत्तर उघडले, वाचले, त्यातला ‘लवकरच’ काढला आणि मंगळवार लिहिले.